चौकातल्या दगडाजवळची एक तार

मी लष्कराच्या सिग्नल्समध्ये लाइनमन होतो. चोवीस वर्षं सर्व्हिस केली, हवालदार म्हणून रिटायर झालो. लाइनमनचं काम सोपं असतं. तार टाकायची, तुटली की शोधायची, जोडायची. गोळीबार चालू असला तरी हेच काम, फक्त ते ओणवं होऊन करायचं.

रिटायर झाल्यावर कागलजवळच्या आमच्या गावी आलो. चौकात पहिल्या महायुद्धाचा दगड आहे. या गावातून अकरा जण युद्धावर गेले, तिघांनी प्राण दिले, एवढंच त्यावर इंग्रजीत कोरलंय. नावं नाहीत. गेल्या वर्षी ग्रामपंचायतीनं ठरवलं की खाली तिघांच्या नावांची पितळी पाटी बसवायची. अकरा नोव्हेंबर, म्हणजे ते युद्ध थांबलं तो दिवस, सकाळी अकरा वाजता अनावरण. सरपंच विलासराव मला म्हणाले, "हवालदार, त्या वेळी फोन कसं चालायचं त्ये लोकांस्नी दावा की."

दोन नावांबद्दल वाद नव्हता. तिसरं नाव हसन शिकलगार. चौकात विळे-कात्र्यांना धार लावणारे रमजानचाचा यांच्या आजोबांचा हा थोरला भाऊ. सिग्नलर होता, इराकमधल्या बसऱ्याकडे गेला आणि परत आला नाही; त्याचा कागद तेवढा कुणाकडे नव्हता. पण पाटी तयार होऊन आली तेव्हा तिच्यावर कापड शिवलेलं होतं, आणि विलासराव ते कुणाला उचलू देत नव्हते. चाचांनी विचारलं तर म्हणाले, "सरकारी काम हाय चाचा. कळंल की."

मी माझ्या तयारीला लागलो. पुण्याच्या जुन्या बाजारातून दोन फील्ड टेलिफोन आणले होते. एक ठेवला ग्रामपंचायतीत, दुसरा दगडामागच्या बालवाडीच्या खोलीत. मध्ये दीडशे मीटर अंतर आणि एकच तार. फोनला दोन तारा लागतात असं लोकांना वाटतं. त्या युद्धात पुष्कळदा एकच टाकत. दोन्ही टोकांना लोखंडी खुंटी जमिनीत ठोकायची. जायला तार, यायला जमीन. निम्मी तार वाचते, निम्मं ओझं वाचतं. बिनतारी संच होते, पण ते इतके जड की संच, बॅटऱ्या आणि एरियलचे खांब न्यायला माणसं आणि खेचरं लागायची. एरियल उभी केली की शत्रूला ठिकाणही कळायचं. वाळवंटात आरशानं ऊन फेकून निरोप देत. ढग आले की तेही बंद. म्हणून सगळा भरवसा तारेवर. तोफगोळा पडला की तार तुटायची, म्हणून दोन-तीन समांतर तारा टाकून त्या मध्ये मध्ये शिडीसारख्या जोडत. एक पायरी तुटली तरी निरोप दुसरीकडून जायचा.

पण जमिनीतून परत येणारा करंट काही सरळ रस्त्यानं येत नाही. तो चहूकडे पसरतो. फ्रान्सच्या खंदकांत शत्रूनं हे ओळखलं. तो त्याच्या बाजूला दोन खुंट्या लांब लांब ठोकायचा, त्यांना आवाज वाढवणारं यंत्र जोडायचा आणि आपल्या तारेला हात न लावता आपलं बोलणं ऐकायचा. पुढे हुकूम निघाला की पुढच्या फळीत फोनवर युनिटचं नाव घ्यायचं नाही.

हे दाखवायचं म्हणून मी बालवाडीच्या खुंटीपासून पाच पावलांवर एक आणि पंधरा पावलांवर दुसरी, अशा माझ्या दोन खुंट्या ठोकल्या. खाली घागरभर पाणी ओतलं, म्हणजे माती करंट नीट धरते. तारा नेल्या भजनी मंडळाच्या अॅम्प्लिफायरला. त्याचा कर्णा शाळेवर, चौकाकडे तोंड करून. साडेदहाला लाइट गेली. ते माझ्या फायद्याचं झालं, कारण लाइट असली की जमिनीतून नुसती गुणगुण ऐकू येते. अॅम्प्लिफायर बॅटरीवर चालू केला.

सरपंचांना आणि त्यांचे मेहुणे संभाजीराव यांना मी दोनदा सांगितलं होतं, "या लाइनवर खासगी बोलायचं नाही." सरपंच ग्रामपंचायतीतल्या फोनवर आणि संभाजीराव बालवाडीत दार लावून बसणार होते. दोघांनी मान हलवली. अशी मान मी चोवीस वर्षं ऑफिसरांसमोर हलताना पाहिली आहे.

दहा त्रेचाळीस. चौकात दोनशे माणसं बसलेली. मी अॅम्प्लिफायरचं बटण हळूहळू फिरवत होतो. खरखर आली, मग बालवाडीच्या दिशेनं घंटीचा बारीक आवाज आला, आणि मग कर्ण्यातून सरपंच बोलले.

"संभाजी, ऐकू येतंय न्हवं?"

"येतंय दाजी. मोबाइलवर का न्हाय लावला?"

"मोबाइलवर रेकॉर्डिंग व्हतंय. ह्यो मिलिटरीचा फोन, सेफ हाय."

चौकातली डोकी कर्ण्याकडे वळली. मी बटण बंद करायला हवं होतं. लाइनवरचं ऐकणं आमच्यात गुन्हा आहे. बोट बटणावरच होतं. फिरवलं नाही, हे मी कबूल करतो.

"त्या रमज्यानं इच्यारलं तर काय सांगायचं?" संभाजीराव म्हणाले.

"सांग पुरावा न्हाय. पाटीवर आपला पणजा बसलाय, आता काय हुतंय?"

"दाजी, पर तुमचं पणजोबा लढाईत मेलेलंच न्हाईत की. बिद्रीच्या जत्रंत बैलगाडीवरनं पडलं."

"आरं हळू बोल. युद्धावर गेलतं का न्हाय? मग झालं की. मेलं कुठं त्ये पाटीवर लिवायचं नसतंय."

पहिल्यांदा कोण हसलं ते मला दिसलं नाही. मग सगळा चौक हसला. ते हसू ग्रामपंचायतीपर्यंत गेलं. कर्ण्यातून सरपंचांचा आवाज आला, "संभाजी, लोकं कशाला हसाय लागलीत?" मग थोडा वेळ नुसती खरखर. मग, "हवालदार, बंद करा की त्ये."

मी बंद केलं. दहा सत्तेचाळीस.

विलासराव चालत आले. दीडशे मीटर अंतराला त्यांना पाच मिनिटं लागली. ते रमजानचाचांसमोर उभे राहिले. चाचा तोवर एकदाही हसले नव्हते.

"चाचा, चुकलं माझं."

"दौलूनाना व्हय तुझं पणजं?" चाचांनी विचारलं.

"व्हय."

"मग तुला ठावंच न्हाय. बस हितं." त्यांनी शेजारी जागा करून दिली. "आमच्या घरी खबर आणली ती तुझ्या पणज्यानंच."

मग चाचांनी जे सांगितलं ते मी लाइनमन म्हणून ऐकलं. हसन आणि दौलू एकाच बटालियनमध्ये सिग्नलर होते. बसऱ्याच्या वर, नदीकाठी. सकाळी पुढच्या कंपनीची तार तुटली. हसन फोनची पेटी गळ्यात घालून निघाला. तुटलेली तार हातात धरून चालायचं, हातातली संपली की दुसरं टोक हुडकायचं. आम्हीही तसंच करतो. दौलू मागच्या टोकाला कानाला रिसीव्हर लावून बसला. तासाभरानं बझर वाजला. हसननं तार जोडली होती आणि तारेत मध्येच आपल्या फोनची सुई टोचून तो लाइन तपासत होता.

"लाइन ठीक. परत येतो," एवढंच तो बोलला.

त्या तारेवरून दिवसभर कंपनीचे निरोप आले. हसन आला नाही.

"दौलूनाना सुटीवर आलं तवा आधी आमच्या घरी आलं," चाचा म्हणाले. "आपल्या घरी मागनं गेलं. माझ्या पणजीम्होरं बसून म्हनलं, त्येचा आवाज शेवटचा मी ऐकला."

विलासरावांनी डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर ठेवला. मग उठून त्यांनी स्वतःच पाटीवरचं कापड उसवलं. चाचांनी आपल्या हत्यारांच्या पेटीतून कानस काढली. पितळ मऊ असतं, तरी दौलूनानांचं नाव घासून काढायला पाऊण तास गेला. नवी अक्षरं त्यांनी छिन्नीनं ठोकली. ती एका ओळीत आली नाहीत. विलासराव पाटी धरून बसले होते. एकदा छिन्नी त्यांच्या बोटावर बसली, पण ते हलले नाहीत.

अनावरण अकराचं होतं, ते साडेबाराला झालं. भाषण झालं नाही. मी सावधान म्हणालो आणि दोनशे माणसं आपापल्या परीनं सावधान उभी राहिली. विलासरावांनी नावं वाचली. शिपाई तातोबा पाटील. शिपाई भिवा कांबळे. सिग्नलर हसन शिकलगार.

मी सॅल्यूट केला. तिसऱ्या नावाला हात खाली यायला जरा वेळ लागला.