लाल शाईतला ई

आई गेली त्यानंतर तेराव्या दिवशी मी बालीगंजच्या शाळेत परत रुजू झाले. दुःख होत नव्हतं. काहीच होत नव्हतं, सगळं बधिर.

मी इंग्रजी शिकवते. ऑफिसातून निघणारी प्रत्येक नोटीस आधी माझ्याकडे येते. मी लाल पेनने सुधारायचे, कोपऱ्यात सही करायचे, मग बडोबाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, ती तशीच्या तशी पक्की टाइप करायचे. स्टेशनरी या शब्दाशी त्यांचं जुनं वैर. उच्चार एकच, शेवटून तिसरं अक्षर ई असेल तर वह्या-पेन्सिली, ए असेल तर जागच्या जागी उभं असलेलं. बडोबाबू वह्यांनाही हमखास ए लावायचे आणि मी दरवेळी ए खोडून ई करायचे. एकदा भर ऑफिसात त्यांना सुनावलंही होतं, की आपलं डोकं चालवू नका, मी लिहीन ते टाइप करा. माझी जीभ तिखट आहे, हे आमच्या घरातही सगळे जाणतात.

त्या दिवशीची नोटीस स्कूलबसची होती: मुलं चढेपर्यंत बस फाटकाशी उभी राहील. त्यांनी ए लिहिला होता. अगदी बरोबर. माझा हात सवयीने गेला, ए खोडला, ई केला. वाक्य मी वाचलंच नाही.

संध्याकाळपर्यंत पालकांच्या ग्रुपवर नोटिशीचा फोटो फिरला. बस आता वह्या विकणार का, वगैरे. दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपल मॅडमनी आम्हा दोघांना बोलावलं. बडोबाबू महिनाअखेरीस निवृत्त होणार होते आणि एक वर्षाच्या मुदतवाढीचा त्यांचा अर्ज त्याच टेबलावर पडलेला होता. चूक कुणाची, असं मॅडमनी विचारलं.

"आमार भूल," ते बंगालीत म्हणाले. माझी चूक.

लाल शाईचा मसुदा त्यांच्या खणात होता. त्यांनी तो काढला नाही. मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होते.

चार दिवसांनी मी मॅडमना खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, आता नव्या माणसाला नेमणुकीचं पत्र गेलंय. बैल गेला आणि झोपा केला.

शेवटच्या आठवड्यात बडोबाबूंनी स्वतःच्याच निरोपाच्या चहाची नोटीस माझ्यासमोर ठेवली. सगळं नीट होतं, फक्त 'प्रिन्सिपल दोन शब्द बोलतील' यातल्या पहिल्या शब्दाच्या जागी मोकळी जागा होती. याचीही अशीच एका उच्चाराची जोडी आहे, एक मुख्याध्यापक आणि एक तत्त्व. पण त्यांनी तो तीस वर्षं रोज टाइप केला होता, कधी चुकला नव्हता.

"दिदिमणि, ओटा आपनिइ लिखे दिन," ते म्हणाले. बाई, ते तुम्हीच लिहा.

मी लिहिला. नेहमीच्याच सफाईने, कोपऱ्यात सहीसकट, आणि त्याचीच मला लाज वाटली.