पोरीच्या बारा हजारांचं व्याज

दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. माझ्या मोबाइलवर भावाकडून बारा हजार रुपये आले आणि खाली एवढंच लिहिलेलं : पोरीचे पैसे. मी दोनदा पाहिलं. बारा म्हणजे बाराच. व्याजाचा पत्ता नव्हता.

पैसे माझ्या मुलीचे होते. ती आठ वर्षांची असल्यापासून मी तिला महिन्याला शंभर रुपये खाऊला द्यायचे, आणि ती पोर त्यातला एक रुपया मोडायची नाही, सगळा डब्यात टाकायची. मी तिचा डबा दर दिवाळीला रिकामा करून ते बाराशे हसनाबादला भावाकडे देत आले. त्याचं तिथं बियाण्या-खताचं दुकान आहे. शेतकरी माल उधार नेतात, पीक आल्यावर पैसे देतात, त्यामुळे दुकानात रोकड कायम लागते. नात्यातल्यांनी ठेवलेल्या पैशाला तो शेकडा एक रुपया महिना व्याज देतो, म्हणजे वर्षाला बारा टक्के. दहा दिवाळ्या मी बाराशे दिले, अकराव्या दिवाळीला पैसे परत मागितले. मुलगी आता कॉलेजात आहे आणि तिला लॅपटॉप घ्यायचा आहे. लॅपटॉपच्या दुकानात थोडे पैसे आगाऊ देऊन तिनं एक राखूनही ठेवला होता, तेवीस हजारांचा.

तिनं कागद पुढे ओढला. "हे बघ आई. पहिल्या वर्षी बाराशेचं व्याज एकशे चव्वेचाळीस. इथं साधं काय न् चक्रवाढ काय, सारखंच. दुसऱ्या वर्षी मुद्दल चोवीसशे. साध्या व्याजानं दोनशे अठ्ठ्याऐंशी. पण आधीचे एकशे चव्वेचाळीस मामाकडंच राहिले असतील, तर व्याज पंचवीसशे चव्वेचाळीसवर धरायचं. ते होतं तीनशे पाच."

"सतरा रुपयांचा तर फरक," मी म्हणाले.

"दुसऱ्या वर्षी. दहाव्या वर्षाच्या शेवटी साध्या व्याजानं सगळे मिळून एकोणीस हजार नऊशे वीस. चक्रवाढीनं तेवीस हजार पाचशे पंच्याऐंशी. साडेतीन हजारांच्या वर गेला फरक."

मला त्या साडेतीन हजारांचं काही नव्हतं. चक्रवाढ राहू दे, साधं व्याजसुद्धा आलं नव्हतं. माझा संशय पहिल्यांदा भावजयीवर गेला, हे कबूल करते. गेल्या वर्षी तिनं सोन्याची कर्णफुलं केली होती. मग भावावर गेला. दुकानाला नवीन काचेचा दरवाजा लागला होता, तो कुठून आला? मी राहते जालन्याला आणि बदनापूरला सरकारी कचेरीत कारकून आहे, वीस वर्षं लोकांच्या अर्जांतल्या चुका काढते, वाचल्याशिवाय कशावर सही करत नाही असा माझा लौकिक आहे. संशय घेणं हे माझं कामच आहे म्हणा ना. पण सख्ख्या भावावर घ्यावा लागतोय याचं वाईट वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर थोडी खुमखुमीही होती.

रविवारी आम्ही दोघी जालन्याहून एसटीनं हसनाबादला निघालो. वाटेत मी काय काय बोलायचं ते मनात घोळवत होते. व्याजावर व्याजसुद्धा मागायचं, सोडायचं नाही, असं मी पोरीला बजावलं. पैसा दहा वर्षं त्यानं धंद्यात फिरवला होता, व्याजही फिरवलंच असणार. "पुरते करून दे म्हणावं तेवीस हजार पाचशे पंच्याऐंशी," मी म्हणाले. ती खिडकीबाहेर बघत होती.

भाऊ दुकानात एकटाच होता. मला अवेळी आलेली बघून त्यानं खुर्ची पुसली. मी बसलेच नाही.

"व्याज कुठं गेलं पोरीचं?"

"कोणतं व्याज, आक्का?"

"वा! दहा वर्षांचं. शेकडा रुपया."

"ते तर तुला दर भाऊबीजेला पोचलं की." त्यानं गल्ल्याखालची जाडी वही काढली आणि माझ्या नावाचं पान उघडलं. दहा ओळी होत्या. एकशे चव्वेचाळीस, दोनशे अठ्ठ्याऐंशी, चारशे बत्तीस, असं चढत शेवटी एक हजार चारशे चाळीस. प्रत्येक ओळीपुढं 'व्याज पोच' आणि त्यापुढं सही. सही माझीच होती. कचेरीत करते तशीच, शेवटी शेपूट काढलेली.

भाऊबीजेला ओवाळून झालं की तो वही पुढं करायचा, हे मला आठवत होतं. हातात ताट, निरांजन विझू नये म्हणून धडपड, आजूबाजूला पोरांचा दंगा. मला वाटायचं, पोरीचे बाराशे जमा केल्याची ती नोंद असेल; यंदा वाटलं, पैसे परत मागितल्याची. ओवाळणीचं पाकीट भावासमोर उघडणं बरं दिसत नाही म्हणून मी ते घरी येऊन उघडायचे. पहिल्या वर्षी सहाशे पंचेचाळीस निघाले, पुढच्या वर्षी सातशे एकोणनव्वद, आणि यंदा एक हजार नऊशे एकेचाळीस. आकडे विचित्र होते, पण मी म्हणायचे, व्यापारी माणूस, काही तरी शुभ बघत असेल. ओवाळणी दरसाल वाढते म्हणून मी जावेला नाक वर करून सांगायचे. पाचशे एक ओवाळणीचे आणि वरचे माझ्या पोरीचे, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

"पण पाकिटात कशाला घातलंस?" माझा आवाज उगाच चढला. "तुझ्याकडंच ठेवायचं होतं. त्याच्यावर व्याज चढलं असतं."

"मी तेच म्हणून राह्यलो होतो तवा," भाऊ म्हणाला. "तूच म्हन्ली का, तुझ्याकडं साचू देऊ नको, वर्षाचं वर्षाला माझ्या हातात दे. उद्या धंदा बुडाला तर मुद्दल तरी मागता यील, साचलेलं व्याज कोन देनार, असं म्हन्ल्ती. मला वाईट वाटलं होतं आक्का. पन म्हन्लं, बराबर हाय, वर्षाचं वर्षाला देऊन टाकावं."

मी असं म्हणाले होते. अगदी शब्दाला शब्द. म्हणाले आणि विसरून गेले. त्याच्यावर विश्वास नव्हता म्हणून व्याज माझ्या हातात आलं, आणि माझ्या हातातून ते साड्या, डबे, मिक्सरची दुरुस्ती यांत गेलं. दहा वर्षांत सात हजार नऊशे वीस रुपये. भाऊ चहा सांगायला उठला. मला त्याच्याकडं बघवेना.

पोरीनं वही स्वतःकडं फिरवून घेतली होती. ती एकेका सहीवर बोट ठेवून खाली येत होती. ती रडली असती तर बरं झालं असतं.

"देते मी," मी म्हणाले. "पगार झाला की सात हजार नऊशे वीस देते."

"ते साध्या व्याजाचे झाले." तिनं फोनवर बेरीज केली. "इथंच राहिले असते तर अकरा हजार पाचशे पंच्याऐंशी झाले असते."

"अगं, घरातल्या घरात कसलं चक्रवाढ?"

तिनं वर पाहिलं. एवढ्या शांतपणे माझ्याकडं कधी कुणी बघितलं नव्हतं. मग तिनं मामाच्या गल्ल्यावरचा पेन उचलला, वहीतलं कोरं पान उघडलं आणि माझ्यापुढं सरकवलं.

"लिहून दे, आई."