पोत्यातले जुने पार्ट

बोंडअळीच्या साली सरकी काढणाऱ्या जिनात कापूस कमी आला, म्हणून अकोटच्या एका जिनवाल्याने नवा ट्रक न घेता जुन्याचंच इंजिन उघडायला आमच्या गॅरेजमध्ये पाठवलं. जीएसटीही त्याच वर्षी आलेला. मी तिथे नुकतीच बिलं लिहायला लागले होते. बी.कॉम. झाल्याचा तोरा अंगात होता. पिस्टन, लायनर, क्लचप्लेट मिळून चाळीस हजार, मजुरी बारा हजार, असं वेगवेगळं लिहून खाली सगळ्यावर मी अठरा टक्के लावले. दुरुस्ती ही सेवा आणि सेवेला अठरा, इतकं सरळ गणित.

जिनाने पैसे चुकते केले. मग रिटर्न भरायला कागद अकोल्याला गेले आणि आमच्या कर सल्लागारांचा फोन आला. पार्ट आणि मजुरी बिलात वेगळी दाखवली, तर ज्याला त्याला आपापला दर. मजुरीला अठरा बरोबर, पण ट्रकच्या या पार्टना अठ्ठावीस. चार हजार कर कमी घेतला होता. माझा पगार साडेचार हजार. पगार सोडा, नोकरीच गेली असं वाटलं.

गॅरेजच्या मालकांना आम्ही सगळे चाचा म्हणायचो. त्यांना चूक सांगितली आणि शहाणपणा करत उपायही सुचवला: बिल बदलून सगळी मजुरीच दाखवू, म्हणजे अठरावर भागेल.

चाचांनी हात पुसले. "जुने पार्ट पोत्यात भरून मीच त्यायच्या ड्रायव्हरले देल्ले. आता कागदावर पार्ट लागलेच नाई म्हणू? अन् बारा हजाराच्या कामाची बावन्न हजार मजुरी घेणारा मिस्त्री म्हणवून घेऊ?"

मला लाज वाटली, अजूनही वाटते.

जिनाने नाही दिले तर चार हजार मी भरीन, असं म्हणून चाचा मला मोटरसायकलवर बसवून जिनात घेऊन गेले. तिथले हिशेब पाहणाऱ्या मुनीमजींपुढे मी तोंड उघडणार, तेवढ्यात चाचाच बोलले, "बिलात आमच्याकून चूक झाली."

आमच्याकून. मी मान खाली घातली.

मुनीमजींनी बिल दोनदा वाचलं. मालवाहू ट्रक आहे, दिलेल्या कराचं क्रेडिट आम्हाला मिळतं, आमच्या करातून तो वजा होतो, तेव्हा फरकाचं पुरवणी बिल, म्हणजे डेबिट नोट द्या, एवढंच म्हणाले आणि चहा मागवला. म्हणजे आमचं काहीच गेलं नव्हतं. पण हे क्रेडिटचं चाचांना आधी ठाऊक नव्हतं, आणि मी तर नुसती घाबरलेली होते.

परतताना मी विचारलं, उद्यापासून येऊ की नको?

गाडी न थांबवताच ते म्हणाले, "काहून नाई? आतालोक बिलावर मी सही करत होतो. आता तू करत जा. तुले दर समजला, मले अजून नाई."

डेबिट नोटवर माझी पहिली सही आहे. वाकडी आली, कारण डोळे भरले होते.