एका बाटलीतले सहा तुकडे

दादा कामचोर आहे, असं आमच्या घरात बरीच वर्षं सगळ्यांना वाटायचं. मलाही वाटायचं. सायखेड्याकडच्या आमच्या मळ्यात कोथिंबीर आणि झेंडू असायचा. जुड्या बांधायला बसलं की दादा तासाभरात चार वेळा टमरेल घेऊन बांधाकडे निघायचा. आमचे वडील, आबा, ओरडायचे, "आला का? का तिकडंच झोप काढतो?" परसाकडे रक्त पडतं हे दादाने लग्न झाल्यावर वहिनीला सांगितलं आणि तिने आईला. तोवर त्याची पँट सुतळीने बांधायची वेळ आली होती. मग मूळव्याधीचं औषध झालं, आवेच्या गोळ्या झाल्या, कुणी टीबी म्हणालं म्हणून त्याचाही पूर्ण कोर्स झाला. फरक शून्य. माल घेऊन बाजारात जाणं त्याने सोडलं आणि पाट्या म्हाताऱ्या आबांच्या डोक्यावर आल्या. मी मात्र कॉलेजात जात राहिले.

बी.एस्सी. झाले. आमच्या भावकीतली पहिली पदवीधर. हे मी आजही कुणी न विचारता सांगते. पुढे लॅबचा डिप्लोमा केला आणि नाशिकला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बायोप्सीच्या कामाला लागले. आलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, त्याचे कागदाहून पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि स्लाइड मॅडमसमोर ठेवायची. मॅडम म्हणजे आमच्या पॅथॉलॉजिस्ट. माझा हात जलद होता आणि मला त्याचा गर्व होता.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मीच मागे लागून दादाची दुर्बिणीने तपासणी करून घेतली. पोटाच्या डॉक्टरांनी मोठ्या आतड्यात सहा ठिकाणचे चिमटे, म्हणजे अस्तराचे बारीक तुकडे, घेतले. सिस्टर सहा बाटल्या मांडत होत्या. मी म्हटलं, "सिस्टर, घरचंच काम आहे. एकीतच टाका सगळे. एकच ठोकळा करते, उद्या रिपोर्ट लावते."

रिपोर्ट लागलाही. अल्सरेटिव्ह कोलायटिस. आजाराला एकदाचं नाव मिळालं म्हणून आईने देवापुढे साखर ठेवली.

काही वर्षं स्टेरॉइडवर गेली. गोळ्या आणि खालून द्यायचा एनिमा. गोळ्या कमी केल्या की रक्त पुन्हा सुरू. शेवटी सर्जन म्हणाले, मोठं आतडं गुदाशयासकट काढून टाकू, लहान आतड्याची पिशवी शिवून खाली जोडू. "हा आजार मोठ्या आतड्याबाहेर जात नाही. आतडं गेलं की आजार गेला." तारीखसुद्धा ठरली. घरात सगळे खूश होते.

ऑपरेशनआधी मी दोन दिवस घरी गेले. दादा ओट्यावर एका कुल्ल्यावर बसला होता, खाली उशी.

"दादा, असा तिरका का बसतो रे?"

"पाठ धरलीय."

"पाठ धरली तर उशी खाली कशाला?"

"तू लॅबात कशाला गेली? पोलिसात जायचं व्हतं."

वहिनी चुलीपुढून म्हणाली, "सांगा ना आता! चड्ड्या मी धुते. पू येतो त्यान्ला, ताई. भगंदर हाय. वैद्याकडून दोरा बांधून घेतला, तर दुसऱ्या अंगाला फुटलं."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"तिथं बाया असत्यात," दादा म्हणाला. "ही काय सांगायची गोष्ट हाय का?"

मॅडमच्या हाताखाली इतकी वर्षं काढल्यावर एवढं कळत होतं: अल्सरेटिव्ह कोलायटिस गुदाशयापासून सुरू होतो आणि मधे जागा न सोडता वर चढतो, पण आतड्याच्या आतल्या अस्तरातच राहतो. भिंत पोखरून बाहेर फुटणं, वाट पाडणं हा त्याचा स्वभाव नाही. तो स्वभाव दुसऱ्याचा, क्रोहनचा. क्रोहन तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही बसतो, मधे निरोगी पट्टे सोडतो आणि भिंतीच्या सगळ्या थरांतून आरपार जातो. क्रोहनच्या माणसाला ती पिशवी शिवली, तर आजार पिशवीतच येऊन बसायची भीती. मग मोठं आतडंही गेलं आणि पिशवीही सडली.

सोमवारी मी जुन्या स्लाइड काढून मॅडमसमोर ठेवल्या. त्यांनी आधी माझ्याकडेच संशयाने पाहिलं.

"भावाच्या स्लाइडवर तुझा जीव आहे. माझा नाही. भगंदर नुसतंही होऊ शकतं. तू म्हणतेस म्हणून मी रिपोर्ट बदलणार नाही."

"बदलू नका. बघा फक्त."

त्यांनी बराच वेळ पाहिलं. "ग्रंथींत पू आहे, त्यावर तेव्हा मी भर दिला. पण पू दोन्ही आजारांत असतो. सहापैकी चार तुकडे सुजलेले, दोन निरोगी. हे दोन कुठले?"

मी नोंदवही पुढे सरकवली. जागेचा रकाना कोराच होता.

"वरच्या टोकाचे असतील तर अल्सरेटिव्ह, काही हरकत नाही. सुजलेल्यांच्या मधले असतील तर गोष्ट वेगळी. बाटलीवर जागा का लिहिलेली नाही? कुठल्या गाढवाने सगळे एकत्र केले?"

"मी केले, मॅडम."

त्यांनी पुढची स्लाइड लावली. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून मी स्वतःच्याच हातावर वहीम धरायला लागले.

ठोकळ्याचे आणखी खोल काप काढले. काही हाती लागलं नाही. मग मॅडमनी सर्जनांना फोन केला, आणि दादाला मी भगंदर दाखवायला लावलं. "मेल्यावर लाज ठेव," म्हटलं. तारीख पुढे ढकलली, दुर्बीण पुन्हा घातली.

पोटाचे डॉक्टर म्हणाले, "गुदाशय स्वच्छ दिसतोय. पण त्यावर जाऊ नका. एनिमाने बरा झाला असेल." या वेळी त्यांनी लहान आतड्याच्या शेवटच्या भागातही दुर्बीण सरकवली. चिमटे सहा आणि बाटल्याही सहा. प्रत्येकीवर जागा मी स्वतः लिहिली, सिस्टरकडून वाचून घेतली, तरी परत तपासली.

लहान आतड्याचं टोक सुजलेलं. चढता भाग सुजलेला. आडवा भाग जवळपास निरोगी. त्याच्या खालचा पुन्हा सुजलेला. आणि त्या निरोगी दिसणाऱ्या आडव्या भागातच, सातव्या-आठव्या कापावर, पेशींचा एक छोटा घट्ट पुंजका होता. ग्रॅन्युलोमा, क्रोहनची खूण.

"थांब, नाचू नकोस," मॅडम म्हणाल्या. "फुटलेल्या ग्रंथीशेजारचा असेल तर मी तो धरत नाही, तसा अल्सरेटिव्हमध्येही दिसतो." पुंजका ग्रंथींपासून लांब होता. असा पुंजका टीबीतही होतो, म्हणून मग टीबीचा संशय: मधे सडका भाग नव्हता, जंतूंच्या रंगात एकही जंतू दिसला नाही, आणि टीबीच्या औषधाने दादाला पूर्वी काही गुण आलाच नव्हता. तरी मॅडमनी रिपोर्टात लिहिलं, "क्रोहनशी जुळणारं. भिंतीची खोली या तुकड्यांवरून सांगता येत नाही." चिमट्यात अस्तरच तेवढं येतं. खोली भगंदराने सांगितली होती.

बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेत लहान आतड्याच्या शेवटी दोरीसारखा अरुंद भाग दिसला. औषध बदललं, भगंदराचा पू आधी काढला. वर्षभराने त्या अरुंद भागात अन्न अडायला लागलं, तेव्हा सर्जनांनी तेवढाच वीतभर तुकडा काढला. तो आमच्याच लॅबमध्ये आला. भिंत पाण्याच्या रबरी नळीसारखी जाड झाली होती, बाहेरून चरबी चढली होती, आणि स्लाइडवर सूज अस्तरापासून बाहेरच्या थरापर्यंत आरपार होती. मॅडमनी "जुळणारं" हा शब्द काढून टाकला.

क्रोहन बरा झाला नाही, औषध कायमचं आहे. पण दादाचं मोठं आतडं त्याच्या पोटात राहिलं, पिशवीचं ऑपरेशन टळलं.