आई-वडिलांनी यावे

महाशिवरात्रीला परळीत माणूस मुंगीसारखा असतो, आणि ही मुंगीसारखी माणसं दरवर्षी आपली पोरं हरवतात. म्हणून देवस्थानाच्या पायऱ्यांजवळ मदत केंद्राचा मंडप टाकतात. त्या मंडपातल्या माइकवर मला बसवलं होतं. कारण? माझा आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. शिक्षकाचा एवढा सन्मान दुसरं कोण करणार!

आदल्या वर्षी हे काम एका उत्साही निवेदकाकडे होतं. रात्री तो ऑर्केस्ट्रा गाजवायचा. त्याने कळवळून "पोरगी रडून रडून बेजार झालीये हो, धावा!" म्हटलं आणि शंभरेक आया एकदम धावल्या. पायऱ्यांवर चेंगराचेंगरी व्हायची राहिली. म्हणून यंदा समितीने बैठका घेतल्या, चहा रिचवला आणि ठरीव मजकूर तयार केला. शांतपणे, दोनदा, शब्द न बदलता वाचायचा, मग थोडं थांबून पुन्हा. पोराचं नाव सांगायचं नाही, कपडे सांगायचे नाहीत. नाहीतर कुणीही भामटा येऊन "माझंच" म्हणेल. हे मात्र खरंच शहाणपणाचं होतं. आमच्या समितीकडून असं क्वचित होतं, म्हणून मुद्दाम सांगते.

दुपारी एका होमगार्डने चारेक वर्षांची मुलगी आणून दिली. ती रडत नव्हती, नुसती दाताखाली फ्रॉकची कड धरून बसली. महिला पोलिसाने तिला मांडीवर घेतलं. मी माइक चालू केला.

"सूचना. अंदाजे चार वर्षांची एक मुलगी मदत केंद्रात सुखरूप आहे. तिच्या आई-वडिलांनी पायऱ्यांजवळच्या मदत केंद्रात यावे. घाई करू नये."

घाई कुणीच केली नाही. कुणी आलंच नाही. मी तेच वाचत राहिले. मध्येच अध्यक्ष आले आणि शामियान्यासाठी देणगी देणाऱ्या मान्यवरांचे आभार मानून तिथेच खुर्चीत बसले. तेवढ्यात दोन मुलगे सापडले आणि आपल्या आयांबरोबर गेलेही. ही मात्र तिथेच. कड चावून ओली झाली होती, आणि आता तिचा खालचा ओठ थरथरायला लागला.

तिला सगळ्यांनी सगळं विचारलं होतं. पूर्ण नाव काय, गाव कोणतं, तालुका कोणता. एका स्वयंसेवकाने आधार कार्डही विचारलं, देव त्याचं भलं करो. शेवटी मी माइक बंद करून तिच्यासमोर उकिडवी बसले.

"आई कुठाय गं तुझी?"

"कारखान्यावर."

"आन् बाप?"

"त्यो बी."

दिवाळीनंतर आमच्या जिल्ह्यातली निम्मी गावं कोयता घेऊन परमुलखात ऊस तोडायला जातात. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ठाऊक नव्हतं ते फक्त बैठकीला.

"मग जत्रंला कुणी आणलं तुला?"

"आज्जीनं."

मी मजकुरात "तिच्या आई-वडिलांनी"च्या जागी "तिला सोबत घेऊन जे आले असतील त्यांनी" घालते म्हणताच अध्यक्ष कडाडले, "बाई, मजकूर मंजूर हाय! आसा मधीच बदलता येत न्हाई!"

"मग तुमीच सांभाळा हिला, उसाचा हंगाम सरंस्तोवर," मी म्हटलं आणि माइक चालू केला. आवाज तोच ठेवला, शांत. दोनदा वाचलं, थांबले, पुन्हा वाचलं.

तिसऱ्या खेपेला एक म्हातारी पदर सावरत आली. मुलीने तिच्याकडे झेप घेतली, तरी महिला पोलिसाने मुलीचा पाय तळहाताने झाकत विचारलं, "खूण सांगा, आज्जी."

"डाव्या पायात काळा दोरा, कवडी हाय त्यात. म्याच बांधलीय."

कवडी होती. नातीला छातीशी धरून म्हातारी मटकन खाली बसली.

"इतका येळ कुठं व्हता?" मला रागच आला होता.

"हितंच, त्या कर्ण्याच्या खांबाखाली. तितंच हिचा हात सुटला व्हता, म्हनून हलले न्हाई. समदं ऐकू येत व्हतं, बाई. तुमी आईबापाला बलवत व्हता. मला वाटलं, दुसऱ्याचं लेकरू आसंल, त्याचे आईबाप हितं आसतील. मी म्हनलं, बरं झालं, कुणाचं तरी सापडलं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला रडू आलं, ते मी माइकची वायर नीट करण्याच्या निमित्ताने लपवलं.

एवढ्यात तिच्या चंचीतला फोन वाजला. लेकीचा होता, उसाच्या फडातून. म्हातारीने डोळे पुसले, घसा खाकरला.

"हाव, देवाला आलोय... ती? लई मज्जेत हाय. हितंच हाय की माज्या मांडीवर. घे, बोल."

आणि फोन नातीच्या कानाला लावताना दुसऱ्या हाताने तिने तिचं मनगट इतकं घट्ट धरलं, की पोरगी पलीकडच्या आईला पहिलं वाक्य बोलली ते हेच: "आये, आज्जी हात दुकवती."