प्रकृती अस्वास्थ्यामुळे

विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून परतताना वन्सं झपाझप पुढे चालत होत्या. चार शब्द सुनावले असते तर बरं, असं भावजयीला झालं होतं.

चूक तिचीच होती. वन्सं इस्पितळात आया. पेपरच्या सकाळी बदलीची बाई आलीच नाही, आणि वॉर्ड वाऱ्यावर सोडून वन्संचा पाय निघेना. पदवीचा शेवटचा पेपर बुडाला. फेरपरीक्षेचा अर्ज भावजयीने लिहायला घेतला, तर शाळेत घोटलेलं वाक्य हातून आपसूक उतरलं: 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे उपस्थित राहू शकले नाही.' वन्संनी न वाचताच सही केली, प्राचार्यांचा शिक्का घेतला, मेट्रनचं पत्र जोडलं.

खिडकीतल्या कारकुनाने मात्र दोन्ही कागद वाचले. "अर्जात तुम्ही आजारी, पत्रात कामावर! एक काय ते ठरवा आणि प्राचार्यांच्या शिक्क्यासकट उद्या पाचच्या आत आणा."

"वन्सं, डॉक्टरांचा दाखला मिळेल की तुम्हाला," भावजय अखेर पुटपुटली. "एवढ्याने देव रागावायचा नाही."

"देवाचं राहू दे, आधी मेट्रन खोटी पडेल. वीस वर्षांत एक दिवस आजारी पडले नाही गं मी. पडले ती तुझ्या अर्जात!"

कोपऱ्यावरच्या दुकानातून वन्संनी दोन कोरे कागद घेतले आणि तिच्या हातात दिले.

"पुन्हा लिही. आसनक्रमांक, विषय, तारीख तेच. कारण तेवढं मी सांगते तसं लिही: मी धडधाकट होते, म्हणूनच येऊ शकले नाही."