कुसुममावशीचा कोबा

माझा स्वभाव तापट आहे, हे पांढुर्ण्यात कोणालाही विचारा. पोस्टाच्या खिडकीत एकतीस वर्षं बसल्यावर माणूस दुसरं काय होणार? पण त्या दिवशी वैभववर मी चिडले ती उगाच नाही. मी म्हटलं होतं छतावर हिरवळ लाव, आणि हा नागपूरचा इंजिनिअर म्हणतो, "मॅडम, तुमच्या छतावर ऑलरेडी एक बगीचा आहे. विटांचा."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मी म्हटलं.

तसा पोरगा गुणाचा. आल्या आल्या त्यानं पिशवीतून तुकडे काढून माझ्या जेवणाच्या टेबलावर एकावर एक मांडले होते. सगळ्यात खाली पाणी अडवणारा थर. त्यावर मुळं रोखणारी जाड काळी चादर. तिचे जोड गरम करून चिकटवायचे आणि कडा कठड्यावर मातीच्याही वर चढवायच्या, कारण मुळाला केसाएवढी फट पुरते. त्यावर घोंगडीसारखं जाड कापड, चादरीला टोचू नये म्हणून. मग निचऱ्याची चटई, अंड्यांच्या ट्रेसारखी खळग्याखळग्यांची. थोडं पाणी खळग्यांत राहतं, बाकीचं खालून वाहत मोरीकडे जातं. तिच्यावर गाळणीचं कापड, म्हणजे माती खाली उतरून चटई बुजत नाही. आणि शेवटी चार इंच माती.

"माती मी देते," मी म्हटलं. "बोरगावच्या वावरातली काळी, लोण्यासारखी."

तर बावा, ह्यानं माझ्याच बादलीत ती काळी माती भरली, पाणी ओतलं आणि काट्यावर ठेवली. वजन कोरड्या मातीचं धरायचं नसतं, भिजलेल्या मातीचं धरायचं, आणि काळी माती तर भिजली की फुगते न वर पाणीही सोडत नाही. तो विटांचा चुरा, नारळाचा भुसा आणि खत ह्यांचं हलकं मिश्रण घालणार होता. सगळं भिजून चौरस मीटरला दीडशे किलो.

"दीडशे काही जास्त नाही न," मी म्हटलं.

"नाही. पण छत किती झेलून राहिलं ते आधी पाहू."

दोन दिवस तो नुसता ठोकत होता. घर ब्याऐंशी सालचं, नकाशा कुठला! एका यंत्रानं त्यानं स्लॅबमधल्या सळ्या शोधल्या, स्प्रिंगच्या हातोडीनं काँक्रीट तपासलं, खालून एका जागी थोडं फोडून सळी उघडी केली, गंज आहे का पाहिलं. गंज नव्हता. मग वरून ड्रिल मारलं आणि तिथंच त्याचं तोंड उतरलं. साडेचार इंचांच्या स्लॅबवर दहा इंच कोबा, विटांच्या तुकड्यांचा थर. चौरस मीटरला साडेचारशे किलो, गेली कित्येक वर्षं, रात्रंदिवस. त्यावर आणखी दीडशे ठेवायला तो तयार नव्हता.

मला रडूच आलं. वरच्या खोलीत मी झोपते आणि मे महिन्यात तिथं भाकरी भाजता येईल इतकी गरम भिंत असते. हे घर सोडून जायचं नाही म्हणूनच तर हा सगळा खटाटोप!

वैभवनं ड्रिलची भुकटी कागदावर घेऊन दाखवली. आधी राखाडी निघाली होती, अर्ध्यानंतर पांढरट गुलाबी. "कोबे दोन आहेत. वरचा सिमेंटचा, खालचा चुन्याचा."

आणि मला एकदम सगळं आठवलं. वरचा बाबांनी शहाण्णव साली एका ठेकेदाराकडून घालून घेतला होता. गळत बिळत काही नव्हतं. उकडतं म्हणून! आमच्याकडे सगळे हेच करत. छत तापलं, घाला आणखी एक कोबा, जाड झालं की थंड होईल.

खालचा मात्र कुसुममावशीचा.

मी तेव्हा बारा वर्षांची. शाळेला सुट्टी. छतावर विटांचे तुकडे मांडून वर घाणीत दळलेला चुना पसरला होता आणि चौदा बाया दोन रांगांत बसून लाकडी थाप्यांनी तो बडवत होत्या. आठ दिवस! बडवत बडवत मागं सरकायचं, पुन्हा पुढून सुरू. वर गूळ, मेथी न बेलफळाचं पाणी शिंपडायचं. सगळ्यांत पुढं कुसुम, पंचविशीची, सासर सावरगावचं, माहेर सौंसरजवळचं. ती गाण्याची ओळ उचलायची, बाकीच्या झेलायच्या आणि थाप्या त्या तालावर पडायच्या. ताल चुकला की ती गाणं थांबवून म्हणायची, "कोणाची थापी झोपली वं?" मी हसून हसून लोळायची. मला तिनं एकदा थापी दिली. दहा मिनिटांत माझ्या हाताला फोड आले. ती म्हणाली, "तू शाळेतच जाय बाई." त्या वासाची, त्या आवाजाची मला इतकी आठवण येते की काय सांगू. तसा उन्हाळा पुन्हा आला नाही.

वैभवनं तोडगा काढला: दोन्ही कोबे काढून स्लॅबपर्यंत जायचं. "जुना चुना आहे मॅडम, भरोसा नाही. आत पोकळ असला, पाणी धरून बसला, तर वरची चादर ते आतच कोंडेल."

त्याचं चूक नव्हतं. पण मला राहवेना. मी कुसुममावशीच्या मुलाला, अमोलला, सौंसरला फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ती अंगणात हजर. अडुसष्ट वर्षांची, गुडघे गेलेले, आवाज मात्र तोच.

"काऊन फोडून राहिले माह्यं छत?"

मी सगळं समजावलं. ती ऐकत होती आणि बोटांवर काहीतरी मोजत होती. मग म्हणाली, "छत्तीस छतं बडवली म्या पांढुर्ण्यात. स्टेशनाकडचं गेलं. जिनिंगवाल्याचं गेलं. बाजारातली चारही गेली, दुकानं झाली तिथं. हे एकच राहिलं, सुची. वरचं काढा, माह्यं राहू द्या." तिचे डोळे भरले.

वैभव म्हणाला, "आजी, राहिलं तर वजनाला चालते. वरचा काढला तर सव्वादोनशे किलो उतरते, बगीच्याचे दीडशे चढते, तरी आजच्यापेक्षा कमीच. उतारही तुमच्या कोब्यालाच आहे, मोरीकडे. पण तो घट्ट आहे का नाही, हे कोण सांगन?"

"मी सांगन. न माह्यावर भरोसा नसन तर पाणी भरून पाहा."

पोरानं मान डोलावली. मला तो तिथंच आवडला.

वरचा कोबा काढायला पाच दिवस लागले. वैभवनं मशीन लावू दिलं नाही, स्लॅब हादरतो म्हणून, छिन्नी-हातोडीनंच. आणि मलबा छताच्या मधोमध एक घमेलंसुद्धा साचू द्यायचा नाही, लगेच खाली. मजूर कुरकुरले, मी त्यांच्यावर खेकसले. पण गंमत अशी की सिमेंटनं चुन्याला कधी धरलंच नव्हतं. पोपडे निघावेत तसे मोठे मोठे तुकडे सुटले आणि खाली तो दिसला. गुळगुळीत, फिकट गुलाबी. एकोणतीस वर्षं झाकून राहिलेला. मावशी खाली बसली आणि हात फिरवू लागली. "पाहा न वं," ती कोणाला तरी म्हणाली, त्या चौदा बायांपैकी कोणाला असेल.

मग ती कामाला लागली. हातात एक छोटा दगड, आणि गुडघे दुखत असतानाही अख्खं छत रांगत रांगत वाजवलं. ठण्, ठण्, ठण्. वैभव मागून आपली हातोडी वाजवत, कान लावून. मोरीजवळ आवाज बदलला. वैभव काही बोलायच्या आत मावशीच म्हणाली, "इथं पोकळ आहे. दोन हात. काढून टाक." मी म्हटलं, मावशी, जाऊ दे न एवढंसं. तर माझ्यावरच डाफरली, "जाऊ दे काय? वाईट ते वाईट!" तेवढा भाग काढून पुन्हा चुन्यानं भरला, वाळू दिला.

त्यानंतर मोरी बंद करून दोन इंच पाणी भरलं. तीन दिवस ठेवायचं आणि खालून स्लॅब पाहायचा. ओल दिसली तर सगळा कोबा जाणार, हे तिघांनाही कळत होतं. मावशी पहिल्या दिवसापासून सावरगावला भाचीकडेच थांबली होती. त्या तीन रात्री मी छताकडे बघत पडून राहिले. पंखा बंद करून ऐकायची, टपटप येतं का. आयुष्यात कधी देवाला काही मागितलं नाही, तेव्हा मागितलं.

चौथ्या दिवशी सकाळी नऊला वैभव न मावशी आले. मी वैभवला घेऊन वरच्या खोलीत गेले. त्यानं टॉर्च मारला, शिडी लावून कोपरा न कोपरा हातानं चाचपला, सांध्यावर ओल मोजायचं यंत्र टेकवलं. "कोरडं," तो म्हणाला. "मॅडम, कोरडं ठक्क! वर पंधरा दिवस वाळू देऊ, मग चादर." मी मागं वळून ओरडले, "मावशी, ऐकलं का?"

मावशी खोलीत नव्हतीच. ती बाहेरच्या जिन्याच्या पायरीवर उभी होती, चपला काढून.

"ये न आत."

"नाही, इथूनच."

आणि मला लाज वाटली. छत्तीस घरांची छतं हिनं बडवली, आणि बांबूची शिडी उतरून ती परस्पर अंगणातून गेली. त्यातल्या एकाही घरात हिला कोणी बोलावलं नव्हतं. आमच्यातही नाही. आई चहासुद्धा हिला अंगणातच द्यायची आणि तो कप वेगळा असायचा. मी बारा वर्षांची होते, मला सगळं दिसत होतं. नंतर मी मोठी झाले, मालकीण झाले, तरी मी हिला कधी आत ये म्हटलं नाही.

मी तिचा हात धरला आणि आत आणलं. तिनं मान वर केली. वर पाण्याचा गारवा होता, खोली थंड पडली होती.

"खालून असं दिसते होय," ती म्हणाली. "मले वाटलं होतं काही वेगळं असन."

मग ती सावकाश फरशीवर बसली आणि उताणी झाली, पदर डोक्याखाली घेऊन. वैभव बाहेर निघून गेला. मी म्हटलं, "मावशी, पलंगावर झोप न."

"राहू दे पोरी," ती छताकडे पाहतच म्हणाली. "इथून सगळं दिसते."